होमलोनचा रेट बदलल्याची नोटीस आली? हप्त्याआधी स्प्रेड बघा

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, कमी झाला की काही दिवसांत बँकेचा मेसेज येतो, तुमचा नवा व्याजदर इतका, हप्ता इतका. हप्ता थोडा कमी दिसतो, आपण खूश होतो आणि मेसेज वर सरकवून टाकतो. माझ्या मेव्हण्याने पण तेच केलं होतं, पण मी सहज त्याचं सँक्शन लेटर मागवलं आणि शेजारी नोटीस ठेवून बघितली तर हप्ता कमी झाला होता खरा, पण व्हायला हवा होता तेवढा नाही. ते कसं पकडलं तेच सांगतो, आकडे फक्त समजायला सोपे म्हणून गोल केलेत.

आधी हे कोणाला लागू ते बघा. 1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकेकडून फ्लोटिंग रेटवर होमलोन किंवा दुसरं पर्सनल प्रकारातलं लोन घेतलं असेल तर ते बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या दराला, जोडलेलं असणं सक्तीचं आहे, बहुतेकांचं रेपोला असतं, काहींचं सरकारी ट्रेझरी बिलाच्या दराला. त्याआधीचं लोन असेल तर ते अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर, असू शकतं आणि तिथे रेपो कमी झाल्याचा फायदा उशिरा आणि अर्धवट पोचतो, बँकेत अर्ज देऊन रेपोवाल्यात बदलून घेता येतं. हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर गोष्ट वेगळी, त्यांना बाहेरचा बेंचमार्क सक्तीचा नाही, त्या स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट ठरवतात, त्यामुळे रेपो उतरला म्हणून तुमचा दर उतरलाच पाहिजे असं तिथे भांडता येत नाही.

कागद फार लागत नाहीत. सँक्शन लेटर आणि लोन अ‍ॅग्रीमेंट (स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक लावते तो वरचा टक्का, त्यातच लिहिलेला असतो), आत्ताची नोटीस, आधीची नोटीस सापडली तर उत्तम, आणि लोन अकाउंटचं ताजं स्टेटमेंट. अ‍ॅग्रीमेंटची कॉपी नसेल तर ब्रँचला लेखी मागा, तोंडी विचारलं तर उद्या या, परवा या होत राहतं.

आता मेव्हण्याची केस. लोन जानेवारी 2024 चं, 20 वर्षांचं, तेव्हा रेपो 6.50 होता आणि लेटरमध्ये लिहिलेलं की व्याजदर म्हणजे रेपो अधिक 2.25, म्हणजे 8.75 टक्के. मधल्या काळात रेपो उतरत 5.50 वर आला तेव्हा याचा दर 7.75 झाला, तोपर्यंत सगळं बरोबर. मग 5 डिसेंबर 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो 5.25 केला. याची रिसेट तारीख, म्हणजे दर नव्याने लावायची तारीख, 1 जानेवारी, म्हणून नवा दर जानेवारीपासून. इथे लोक चिडतात की कपात डिसेंबरात झाली मग माझा दर त्याच दिवशी का नाही उतरला, पण नियम असा आहे की तीन महिन्यांतून निदान एकदा रिसेट झालाच पाहिजे, त्यामुळे तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमधल्या तारखेपर्यंत थांबावं लागलं तर ती चूक नाही. तारीख येऊन गेली आणि तरी जुनाच दर चालू असेल तर मात्र चूक.

नोटिशीत लिहिलं होतं नवा दर 7.65 टक्के, हप्ता 24,507. आधीचा हप्ता 24,679 होता, म्हणजे 172 रुपये कमी, वरवर बघितलं तर ठीकच. पण 7.65 मधून 5.25 वजा करा, उरतात 2.40. लेटरमध्ये 2.25 होते. हे वरचे 0.15 आले कुठून? नोटिशीत स्प्रेड वेगळा लिहिलाच नव्हता, नुसता एकूण दर होता, म्हणूनच ही वजाबाकी स्वतः करायची असते.

स्प्रेड बँकेला वाटेल तेव्हा वाढवता येत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. त्यातला एक भाग म्हणजे तुमच्या क्रेडिटच्या जोखमीचा, तो तेव्हाच बदलतो जेव्हा तुमची क्रेडिटची स्थिती खरोखर बरीच बदललेली असते आणि तेही अ‍ॅग्रीमेंटमध्ये ठरल्याप्रमाणे. बाकीचा भाग, म्हणजे बँकेचा खर्च वगैरे, तीन वर्षांतून एकदाच बदलता येतो. ऑक्टोबर 2025 पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी तो आधीही कमी करायची मुभा बँकांना मिळाली आहे, पण वाढवायची नाही. मेव्हण्याच्या लोनला तीन वर्षं झाली नव्हती, हप्ता एकही चुकला नव्हता, सिबिल जसाच्या तसा. फक्त एक गोष्ट आधी तपासून घ्या, सॅलरी अकाउंट त्याच बँकेत आहे म्हणून सवलत मिळाली असेल आणि तुम्ही नोकरी बदलल्यावर ते बंद केलं असेल तर ती सवलत जाते, आणि तसं अ‍ॅग्रीमेंटमध्ये असेल तर बँकेचं बरोबर असतं.

मग हप्ता पडताळायचा. लागतात तीनच आकडे: रिसेटच्या दिवशीची शिल्लक मुद्दल 28,70,000, राहिलेले हप्ते 216 आणि बरोबर दर 7.50. मोबाइलवरच्या कुठल्याही शीटमध्ये हे टाका.

```
=PMT(7.5%/12,216,-2870000)
```

उत्तर येतं 24,251. म्हणजे बँकेचा हप्ता 256 रुपयांनी जास्त, आणि दर असाच राहिला असता तर 216 हप्त्यांत 55 हजारांच्या वर गेले असते. दहा-वीस रुपयांचा फरक आला तर घाबरू नका, तो व्याज रोजच्या हिशोबाने लावल्यामुळे किंवा तारखेमुळे येतो. शेकड्यांत आला तर दर, मुद्दल किंवा महिने यातलं काहीतरी चुकलंय.

काही बँका हप्ता तोच ठेवून महिने कमी करतात, मग हप्ता बदलला नाही म्हणून दर कमी झालाच नाही असं समजू नका. तेव्हा हे बघा:

```
=NPER(7.5%/12,-24679,2870000)
```

येतं 208.28, म्हणजे 208 पूर्ण हप्ते आणि शेवटचा छोटा, 216 च्या जागी 209. ऑगस्ट 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या सर्क्युलरप्रमाणे दर तिमाहीला बँकेने स्टेटमेंट द्यायचं असतं, त्यात किती हप्ते उरलेत ते असतं, तो आकडा याच्याशी जुळवा. दर वाढतो तेव्हा तर हे नक्की करा, कारण हप्ता वाढवायचा, महिने वाढवायचे की दोन्ही थोडं थोडं हे निवडायचा हक्क तुमचा आहे, आणि महिने गुपचूप वाढलेले पटकन लक्षात येत नाहीत.

फरक सापडला की ब्रँचला आणि बँकेच्या तक्रार ईमेलवर लेखी द्या, लांबण लावू नका. लोन अकाउंट नंबर, सँक्शन लेटरमधला स्प्रेड, नोटिशीतला दर, वजाबाकी, आणि दोनच मागण्या: स्प्रेड कधी आणि कुठल्या कारणाने बदलला ते लेखी सांगा, नसेल बदलला तर रिसेटच्या तारखेपासून दर दुरुस्त करा. तक्रार नंबर घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर ओम्बड्समनकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते, फी नाही.

मेव्हण्याला तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, नव्या ग्राहकांचा स्प्रेड त्याच्या खात्याला चुकून लागला होता. दुरुस्त केलं पण परत दिले महिन्याचे 256, हप्त्यातला फरक तेवढा. इथे परत थांबायला लागलं, कारण पहिल्या महिन्याचं व्याज 17,937 च्या जागी 18,296 लागलं होतं, म्हणजे जादा व्याज साधारण 359, आणि 256 सोडून उरलेले 103 रुपये मुद्दलात कमी जमा झाले होते. परत ईमेल केला, मग स्टेटमेंटमध्ये त्या महिन्यांच्या व्याजाच्या नोंदी उलटवून नव्याने आलेल्या दिसल्या आणि मुद्दल जुळली.