तळाशी खरंच डोंगर आहे का, हे कळायला ११६ वर्षं लागली

एप्रिल १८३६. हिंदी महासागरात कीलिंग या अंगठीसारख्या गोल कोरल बेटांपाशी बीगल जहाज थांबलंय आणि कॅप्टन फिट्झरॉय दोरीला शिशाचं जड वजन बांधून समुद्राची खोली मोजतोय. त्या वजनाच्या बुडाला चरबी थापलेली असायची, म्हणजे वजन तळाला टेकलं की तिथे जे काय असेल ते चरबीला चिकटून तरी येणार नाहीतर त्याचा ठसा तरी उमटणार. अठरा मीटरपर्यंत चरबी एकदम स्वच्छ वर यायची आणि तिच्यावर जिवंत कोरलचे ठसे, मग जसजसं खोल जावं तसतसे ठसे कमी आणि चिकटलेली वाळू जास्त, आणि शेवटी नुसती वाळूच. मग किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर जाऊन त्याने ७२०० फूट दोरी सोडली, म्हणजे जवळजवळ २२०० मीटर, तर तळच लागेना!

जहाजावर डार्विन होता आणि त्याला या दोन मापांचा मेळ घालायचा होता. कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं, त्यामुळे रीफ, म्हणजे समुद्रातली चुनखडीची भिंत, बांधणारे कोरल उजेड असलेल्या उथळ पाण्यातच जोमाने वाढतात. (शैवालाची ही भानगड डार्विनला माहीत नव्हती, पण खोल पाण्यात कोरल नाही एवढं चरबीने सांगितलंच होतं.) मग दोन किलोमीटर खोल समुद्रातून सरळ वर आलेल्या भिंतीच्या डोक्यावर ही मंडळी पोचली कशी? आधी पाय कुठे टेकवला?

त्या काळचं उत्तर असं होतं की खाली बुडालेले ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्या तोंडाच्या गोल काठावर कोरल वाढलंय, म्हणून बेटांची अंगठी दिसते. ऐकायला छान आहे, पण मालदीवमधली काही कंकणं साठ-सत्तर किलोमीटर लांब आहेत, एवढं मोठं ज्वालामुखीचं तोंड कुठून आणणार, आणि शेकडो डोंगर नेमके पाण्याखाली थोडेसेच राहिले, एकही जास्त वर आला नाही, हे कसं पटणार?

डार्विनने प्रश्न उलटा केला. कोरल खालून वर चढलं नाही, डोंगरच खाली गेला. त्याच्या डोक्यात ही कल्पना दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर आली होती, तेव्हा त्याने खरी कोरल रीफ बघितलीसुद्धा नव्हती. नंतर नोव्हेंबर १८३५ मध्ये तो ताहितीच्या डोंगरावर चढला, तिथून समोरचं मूरिया बेट दिसतं: मधे उंच डोंगर, भोवती शांत पाण्याचा पट्टा आणि त्याच्या बाहेर फेसाची पांढरी रेघ, म्हणजे रीफ. आता मधला डोंगर मनातल्या मनात हळूहळू बुडवा. रीफ किनाऱ्याला चिकटून सुरू झालेली असते, भूगोलाच्या पुस्तकात तिला अनुतट प्रवाळभित्ती म्हणतात. डोंगर खचतो तसा किनारा आत सरकतो पण रीफ मात्र जागच्या जागी वर वाढत राहते, कारण खाली राहिली तर उजेड जातो आणि ती मरते. मग दोघांमधे शांत पाण्याचा पट्टा म्हणजे लगून तयार होतो, ही झाली रोधक भित्ती. शेवटी डोंगराचं टोकही गेलं की उरतं नुसतं कंकण.

गंमत म्हणजे या सगळ्या अवस्था तुम्हाला एकाच ओळीत बघायला मिळतात. ताहिती तरुण आणि उंच, वायव्येला बोरा बोरा तीस-चाळीस लाख वर्षांचं, त्याच्या डोंगराचं उरलंसुरलं टोक ७२७ मीटरचं आणि भोवती रुंद लगून, आणखी पुढे मोतू ओने, तिथे डोंगर नाहीच, नुसतं कंकण. सॅटेलाइट मॅपवर ताहितीपासून वायव्येकडे बोट सरकवत जा, म्हातारपण कसं येतं ते दिसेल.

पण डोंगर खचतो कशामुळे? डार्विनला हे सांगता आलं नव्हतं, ते प्लेट टेक्टॉनिक्सनंतर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे तुकडे सरकतात हे कळल्यावर, समजलं. ज्वालामुखी समुद्राच्या ज्या तळावर उभा असतो तो तळ गरम असताना फुगलेला असतो, प्लेट सरकत सरकत लांब जाते तशी थंड होते, जड होते आणि खाली बसते. शिवाय ज्वालामुखीचं स्वतःचं वजन, सुंभाच्या बाजेवर कोणी धप्पकन बसलं की बाज खाली जाते तसं.

हे सगळं बरोबर असेल तर कंकणाला भोक पाडत गेलं की भरपूर चुनखडी आणि तिच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला पाहिजे. रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ मध्ये फुनाफुती या प्रशांत महासागरातल्या कंकणावर तीनदा मोहीम नेली, शेवटी १११४ फूट म्हणजे ३४० मीटरपर्यंत पोचले आणि सगळी चुनखडीच, डोंगराचा पत्ता नाही. डार्विनवाले म्हणाले बघा एवढी जाड रीफ, विरोधक म्हणाले कशावरून हा बाहेरच्या उतारावर घसरून साचलेला ढिगारा नाही? दोघंही आपापल्या घरी खूश!

निकाल १९५२ मध्ये लागला, तोही विचित्र कारणाने. अमेरिका मार्शल बेटांमधल्या एनिवेटॉकवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेणार होती, आणि त्याआधी तिथे दोन खोल बोअर मारले गेले. एकात १२६७ मीटरवर आणि दुसऱ्यात १४०५ मीटरवर ड्रिल बेसॉल्टला, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाला टेकलं. आणि मला यातली खरी पकड वाटते ती खोलीची नाही, तर बेसॉल्टच्या जरा वरच्या चुनखडीतल्या जीवाश्मांची. ते उथळ पाण्यात राहणाऱ्या जीवांचे होते, इओसीन काळातले, म्हणजे साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचे, आणि ते सापडले सव्वा-दीड किलोमीटर खाली. तिथे ते राहूच शकत नव्हते, म्हणजे तळच त्यांना घेऊन खाली गेला.

हिशोब करून बघा. १४०० मीटर, साधारण पाच कोटी वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी ०.०३ मिलिमीटरसुद्धा नाही. तब्येतीत असलेली रीफ वर्षाला काही मिलिमीटर चढू शकते. म्हणजे ही शर्यतच नाही, कोरल बहुतेक वेळ वर जागा कधी मिळते याची वाट बघत बसलेलं असतं.

इथेच डार्विनच्या चित्रात एक भोक आहे. खचणं इतकं मंद असेल तर आत्ता दिसणारा कंकणाचा आकार त्यानेच घडवला असं म्हणणं अवघड आहे, कारण समुद्र स्वतःच त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात वरखाली होत आलाय. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात पाणी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होतं, तेव्हा ही कंकणं म्हणजे समुद्रात उभी चुनखडीची पठारं होती, आणि चुनखडीवर पाऊस पडला की ती विरघळते, मधे पाणी साचून जास्त, कडेला कमी, म्हणून बशीसारखा खळगा पडतो. एनिवेटॉकच्या बोअरमधून काढलेल्या खडकात जमिनीवरच्या गोगलगाईंचे शंख सापडलेत, म्हणजे तिथे मधेमधे कोरडी जमीन होती. बर्फ वितळून पाणी परत चढलं तेव्हा नवी रीफ त्या बशीच्या काठावर बसली, तिथे मोकळ्या समुद्राचं स्वच्छ पाणी मिळतं, आत गाळ. त्यामुळे आज अनेक भूवैज्ञानिक म्हणतात की डोंगर खचल्यामुळे चुनखडीचा जाड थर मिळाला, पण अंगठीची नक्षी बरीचशी हिमयुगांनी आणि पावसाने कोरलीय. मला हे पटतं.

आणि कधीकधी कोरल हरतंच. हवाईची बेटं प्लेटबरोबर वायव्येला सरकतात, पाणी थंड होत जातं, कोरलची वाढ मंदावते. ओळीतलं शेवटचं कंकण कुरे, साधारण २८.४ अंश उत्तरेला, तिथे वाढ आणि खचणं जेमतेम बरोबरीत आहे. त्याच्या पुढे एंपरर ओळीतले डोंगर आहेत, सगळे पाण्याखाली. कुरेपाशी जिथे हा तोल सुटतो त्या जागेला नाव आहे डार्विन पॉइंट.

आपला एक धागाही यात आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण पृथ्वीच्या पोटातल्या ज्या गरम ठिपक्यावरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, भारत उत्तरेला सरकल्यावर त्याच ठिपक्यावर पुढे मालदीवखालचे ज्वालामुखी उभे राहिले, आणि आज तो ठिपका रेयुनियन बेटाखाली आहे. आपला बेसॉल्ट खंडावर पसरला म्हणून त्यावर लेणी कोरता आली, मालदीवचा समुद्रात होता, तो दोन किलोमीटरच्या आसपास चुनखडी डोक्यावर घेऊन खाली बसलाय.