बारामधून उणे बारा: स्विचवर चोवीस येतात कुठून

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत मोजमापाची उपकरणं बनवायची म्हटलं की एक मागणी हमखास पुढे येते. हाताशी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ऑप-अँपला उणे १२ हवे असतात. मागणी जुनीच आहे. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या ७४१ ऑप-अँपला सहसा +१५ आणि −१५ असा दुहेरी पुरवठा देत. १९७४ चा इंटेल ८०८० प्रोसेसर तर +५, +१२ आणि −५ असे तीन पुरवठे मागायचा. वीज मंडळाची लाईन असेल तर मध्यटॅपचा ट्रान्सफॉर्मर लावून प्रश्न सुटे. बॅटरीवर मात्र ट्रान्सफॉर्मर थेट चालत नाही, म्हणून तिथे स्विच आणि इंडक्टर वापरून उलट्या चिन्हाचं व्होल्टेज देणाऱ्या इन्व्हर्टिंग बक-बूस्ट सर्किटचा आधार घ्यावा लागला.

त्यातली कल्पना बक-बूस्टच्या आधीपासून वापरात होती. मोटारीच्या इग्निशन कॉइलमध्ये आधी प्रवाह भरतात आणि मग तो एकदम तोडतात. कॉइल प्रवाह थांबू देत नाही, व्होल्टेज उसळतं आणि ठिणगी पडते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत किरण उजवीकडून झटक्यात परत येताना हेच घडायचं. त्या परतीवरूनच फ्लायबॅक हे नाव पडलं. फ्लायबॅकची दोन वेटोळी एकच केली की बक-बूस्ट उरतो. इग्निशन कॉइलहून फरक इतकाच की इथे उसळी मोकळी सुटत नाही. डायोड तिला आउटपुट कपॅसिटरवर बांधून ठेवतो.

स्विच चालू असताना इंडक्टरवर इनपुट व्होल्टेज Vin असतं. बंद झाल्यावर तोच प्रवाह डायोडमधून वळतो आणि इंडक्टरचं वरचं टोक जमिनीखाली, आउटपुट व्होल्टेज Vo पर्यंत जातं. उणे आउटपुट इथून येतं. चक्राचा जितका भाग स्विच चालू असतो ती ड्यूटी D, इंडक्टरचा प्रवाह IL आणि भाराचा Io धरू. स्थिर स्थितीत इंडक्टरवर मिळालेले आणि गेलेले व्होल्ट-सेकंद सारखे असावे लागतात, म्हणून

```
Vin·D = |Vo|·(1−D)
Vo = −Vin·D/(1−D)
स्विचवर: Vin + |Vo|
IL (सरासरी) = Io/(1−D)
```

१९७६ मध्ये कॅलटेकच्या मिडलब्रुक आणि चुक यांनी सरासरी मॉडेलची एकसंध पद्धत मांडली. त्यानंतर हे समीकरण नियंत्रणाच्या गणितातही बसवता आलं. पण स्विच जळतो तो मुख्यतः तिसऱ्या ओळीमुळे, आणि ती समजायला स्थिर स्थितीचं गणित पुरतं.

आता १२ व्होल्टमधून −१२, भार ०.५ अँपिअर, वारंवारता १०० किलोहर्ट्झ आणि इंडक्टर १५० मायक्रोहेन्री घेऊ. डायोडचा पाऊण-अर्धा व्होल्ट सोडला तर D = ०.५. इंडक्टरचा सरासरी प्रवाह १ अँपिअर येतो, भाराच्या दुप्पट. भाराकडे पाहून इंडक्टर निवडणारे इथेच फसतात. स्विच ५ मायक्रोसेकंद चालू असतो आणि तेवढ्यात प्रवाह १२×५/१५० = ०.४ अँपिअर चढतो. स्कोपवर ०.८ ते १.२ च्या दरम्यान सरळ रेषांचा त्रिकोण दिसतो, शून्यापर्यंत कधीच न उतरणारा. माथ्याजवळ ती रेषा वर वाकली तर गाभा संपृक्त होतोय असं समजावं.

स्विचच्या जोडबिंदूवर प्रोब लावला की +१२ आणि −१२ दिसतं. जमिनीपासून मोजलेलं असल्यामुळे स्विचवर १२ चाच ताण आहे असं वाटतं. पण स्विचचं दुसरं टोक +१२ वर बांधलेलं आहे, म्हणजे बंद असताना त्याच्यावर पूर्ण २४ असतात. डायोडवरही उलटे तितकेच. बॅटरी चार्ज होताना १४.४ वर गेली की हेच २६.४ होतं, आणि वायरिंगच्या भटक्या इंडक्टन्सची टोकं वेगळी. म्हणून कागदावर पुरेसा वाटणारा ३० व्होल्टचा मॉस्फेट मी तरी घेणार नाही. ६० चा घ्यावा.

एमसी३४०६३ सारख्या स्वस्त चिपमध्येही ही बेरीज लपलेली आहे. उणे आउटपुटच्या जोडणीत तिची ग्राउंड पिन जमिनीला नव्हे, Vo ला जाते, म्हणून चिपच्या पुरवठ्यावर Vin + |Vo| पडतं आणि तिची मर्यादा ४० व्होल्ट आहे. २४ मधून −२४ तिच्याकडून बाहेरच्या मदतीशिवाय मागू नये.

हे सगळं प्रवाह शून्याच्या वर असेपर्यंतच खरं आहे. आपल्या उदाहरणात भार ०.१ अँपिअरच्या खाली गेला की त्रिकोण शून्याला टेकतो आणि D/(1−D) गैरलागू होतं. समजा फीडबॅकची तार सुटली, ड्यूटी ०.५ वरच राहिली आणि भार ४८० ओहमचा, म्हणजे १२ व्होल्टला २५ मिलिअँपिअरचा आहे. आता दर चक्राला प्रवाह शून्यापासून ०.४ पर्यंत जातो, म्हणजे १२ मायक्रोज्यूल ऊर्जा, सेकंदाला १.२ वॅट. भाराला ती सगळी संपवावी लागते, म्हणून नुकसान न धरता आउटपुट √(१.२×४८०) = २४ व्होल्टवर चढतं. स्विचवर तेव्हा ३६ असतात, आणि ३० चा मॉस्फेट तिथेच जातो.