उलट कालक्रमाची कादंबरी

शेवट आधी सांगून प्रकरणागणिक मागच्या काळात जाणारी कादंबरी. प्रत्येक प्रकरणाच्या आत मात्र काळ नेहमीसारखा पुढेच सरकतो. उलटा असतो तो प्रकरणांचा क्रम. अधूनमधून आठवणीत जाणाऱ्या कादंबरीहून हा प्रकार वेगळा आहे, कारण इथे कथा पुन्हा वर्तमानात येतच नाही. सारा वॉटर्स यांच्या ‘द नाइट वॉच’ (२००६) या कादंबरीचे तीन भाग १९४७, १९४४ आणि १९४१ अशा क्रमाने येतात.

या रचनेत ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात संपतो आणि ‘हे असं का झालं’ हा उरतो. उदाहरणादाखल कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळाची कल्पित कथा घेऊ. २०२१ : गुऱ्हाळ मोडलेलं, काहील भंगारात निघालीय, पावतीवर सही करायला थोरला भाऊ तयार नाही, तो पेन धाकट्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, “आधी वाच.” २०१९ : महापुरात धाकट्याच्या घरात पाणी शिरतं, पण तो थोरल्याच्या माडीवर जात नाही, शाळेतल्या छावणीत राहतो. २०१२ : वाटणी होते आणि सामाईक जमिनीवरचा बोजा उघड होतो. शेवटचं प्रकरण २००४ चं. चुलाण पेटलेलं, रसावरची मळी काढता काढता धाकटा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही करतो : “वाचतोय कशाला दादा, तू वाचलंयस न्हवं?”

सरळ क्रमात हे वाक्य वाचकाच्या नजरेतून निसटलं असतं, फार तर पुढच्या फसवणुकीची चाहूल ठरलं असतं. इथे त्यातला विश्वास दिसतो आणि त्याची किंमतही. ‘आधी वाच’ हा टोमणा होता की पश्चात्ताप, हेही वाचक आता ठरवू शकतो.

हा प्रकार फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पात्रांची आठवण. २०२१ मधल्या दोघांनाही कर्जाचं सगळं ठाऊक आहे. त्यांनी ते बोलून दाखवलं की पुढची प्रकरणं पोकळ होतात, आणि लेखकाने मुद्दाम दडवलं की वाचकाला लबाडी वाटते. वाट एकच : ज्यांना माहीत आहे ती माणसं एकमेकांना समजावून सांगत नाहीत, तुटक बोलतात. यासाठी कोणत्या प्रकरणात कोणाला काय ठाऊक आहे याचा तक्ता लिहिण्याआधीच करावा लागतो. आणखी एक, मधल्या प्रकरणात पूर्वस्मृती घातली की पुढचं प्रकरण आधीच खर्ची पडतं.

दुसरी चूक अधिक मोहाची. शेवटच्या प्रकरणासाठी एखादं गुपित राखून ठेवलं, समजा थोरल्याने कर्ज भलत्याच कारणासाठी काढलं होतं, तर वाचक पुन्हा उकल शोधू लागतो आणि भावांकडे बघायचं सोडतो. रहस्यकथा म्हणून ते चालेलही, पण मग उलट्या क्रमाची गरज उरत नाही. ती आहे का, हे पाहण्यासाठी प्रकरणं सरळ क्रमाने लावून वाचावीत. काहीच बिघडत नसेल तर क्रम नुसता सजावटीचा आहे.