गरोदरपणातली सिफिलीस तपासणी: पट्टी पॉझिटिव्ह आली, आता पुढे?

या तपासणीला वेगळा अर्ज नाही. गरोदरपणाची नोंद केली की बाई पात्र. उपकेंद्रात सिस्टर बोट टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्यावं. आधार आणि पासबुक लागतं ते मातृवंदनेच्या पैशांसाठी, या पट्टीसाठी नव्हे.

पॉझिटिव्ह पट्टी म्हणजे सिफिलीस, म्हणजे गरमी, शरीरात कधीतरी शिरली होती. पूर्वी उपचार झालेल्या बाईचीही पट्टी बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच येते. आजार आत्ता किती जोरात आहे, याचा अंदाज शिरेतल्या रक्ताच्या आरपीआर तपासणीतून येतो; तिचा निकाल १:८, १:३२ असा लिहितात आणि मागचा आकडा मोठा तितका आजार जोरात. ते रक्त त्याच दिवशी द्यावं, पण रिपोर्टसाठी पहिलं इंजेक्शन लांबवू नये. जंतू वारेतून बाळापर्यंत जातात, त्याने मूल पोटातच दगावू शकतं. पेनिसिलीनही त्याच वारेतून जातं, म्हणून आईला टोचलेलं औषध बाळालाही लागू पडतं.

समजा, धडगावकडची सोळा आठवड्यांची गरोदर बाई, आरपीआर १:३२, आजार कधीचा ते माहीत नाही. अशा वेळी बेन्झाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिट, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. डोस मोठा, म्हणून तो दोन्ही कुल्ल्यांत अर्धा-अर्धा देतात. दुखतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या दिवशी ताप येऊन पोट आवळल्यासारखं झालं तर दवाखान्यात दाखवावं, पण ‘इंजेक्शन बाधलं’ म्हणून पुढचे डोस सोडू नयेत.

घोळ होतो तो दिवाळीनंतर. दोन इंजेक्शनं झाली की घर ऊसतोडीला निघतं आणि तिसरं राहतं. दोन डोसांत चौदा दिवसांहून जास्त अंतर पडलं तर तिन्ही पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागतात. म्हणून निघण्याआधी कार्डावर औषधाचं नाव, डोस, तारखा आणि आरपीआरचा आकडा लिहून घ्यावा. नुसतं ‘सुई दिली’ एवढ्यावर कारखान्याजवळचा डॉक्टर काही ठरवू शकत नाही.

पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात जावं. बदली दिलेलं एरिथ्रोमायसिन बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही.

नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार लागतात. ते होईपर्यंत संबंध टाळावेत, नाहीतर तीन सुया सोसूनही लागण परत होऊ शकते.

पुढे आरपीआर १:३२ वरून १:८ किंवा खाली उतरलं तर उपचार लागू पडला. हे उतरायला काही महिने लागतात. उपचार बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी झालेला हवा. तसा झाला नसेल तर बाळाला जन्मल्यावर साधारण दहा दिवस इंजेक्शनं द्यावी लागतात, म्हणून प्रसूतीच्या वेळी कार्ड आधी दाखवावं.