खुपऱ्यांचा ‘विषाणू’ जो विषाणू नव्हताच

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्यांचं उच्चाटन झालं आहे. आजच्या तरुण वाचकाला खुपऱ्या म्हणजे काय ते सांगावं लागेल. पापणीच्या आतल्या बाजूला खरखरीत दाणे उठतात. संसर्ग लहानपणापासून पुन्हा पुन्हा होत राहिला की तिथे व्रण पडून पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. अशाने लाखो माणसं आंधळी झाली. डोळे येणं हा वेगळा प्रकार. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, तशा साथींमागे बहुतेक वेळा अडिनोव्हायरस किंवा त्याच्यासारखा एखादा विषाणू असतो. ते दुखणं आठ-पंधरा दिवसांत आपलं आपण ओसरतं आणि अँटिबायोटिकच्या थेंबांनी विषाणूला काही होत नाही. खुपऱ्यांवर मात्र अँटिबायोटिक उत्तम चालतं, कारण त्या जिवाणूमुळे होतात. गंमत अशी की हे ‘जिवाणूमुळे’ म्हणायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ साठ वर्षं लागली. तोवर पुस्तकांत खुपऱ्यांच्या जंतूला ‘ट्रॅकोमा व्हायरस’ असंच छापलं जाई. विषाणू कशाला म्हणायचं आणि जिवाणू कशाला, ही रेघ आखण्यात या घोळाचा मोठा हात आहे.

गोष्ट सुरू होते १९०७ साली, जावा बेटावर. लुडविग हाल्बरस्टेटर आणि स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक हे दोघे तिथे एका जर्मन मोहिमेबरोबर गेले होते. खुपऱ्या झालेल्या माणसांच्या पापणीतून खरवडून घेतलेला अंश त्यांनी ओरांगउटानच्या डोळ्याला लावला. मग त्या डोळ्यातल्या पेशी गिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींच्या आत, केंद्रकाशेजारी, बारीक कणांचा पुंजका दिसत होता, जणू कोणी त्याच्यावर शाल पांघरली आहे. ग्रीक भाषेत ‘क्लॅमिस’ म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, त्यावरून त्यांनी या जीवांना नाव दिलं. आजचं ‘क्लॅमिडिया’ तिथूनच आलं.

पण हे कण नेमके कोणत्या जातकुळीचे? त्या काळी कसोट्या दोनच होत्या. पहिली कसोटी गाळणीची. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८८४ मध्ये बिनझिलईच्या चिनी मातीची गाळणी केली होती. तिच्यात जिवाणू अडकत. रशियात दिमित्री इवानोव्स्कीने १८९२ मध्ये तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा गाळणीतून काढला, तरी त्याने रोग होतच राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंकने या गाळणीपार जाणाऱ्या कारकाला ‘व्हायरस’ म्हटलं. दुसरी कसोटी वाढीची. जिवाणू मांसाच्या रश्श्यात किंवा अगारवर वाढतात, विषाणूला जिवंत पेशीच लागते.

खुपऱ्यांचा जंतू अगारवर वाढेना, आणि पुढे बारीक पडद्यांतून गाळला तरी त्याचा काही अंश पार होई. दोन्ही कसोट्यांनी कौल दिला: विषाणू. कसोट्या चुकीच्या नव्हत्या, त्या फक्त बाहेरून मोजणाऱ्या होत्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू साधारण दोन मायक्रॉन लांब असतो, अडिनोव्हायरस एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही थोडा लहान. खुपऱ्यांच्या जंतूचं संसर्ग पसरवणारं रूप सुमारे ०.३ मायक्रॉनचं. म्हणजे तो नेमका वेशीवर बसलेला. आकारावरून जात ठरवू गेलं तर फसगत होणारच.

पहिली शंका आली ती पोपटांमुळे. १९२९-३० मध्ये पाळीव पोपटांपासून माणसांना होणाऱ्या सिटॅकोसिस या तापाची साथ अनेक देशांत पसरली. त्याचा जंतू खुपऱ्यांच्या जंतूचा जवळचा नातेवाईक. लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन आणि ब्लँड यांनी त्याची वाढ तासातासाने पाहिली आणि १९३२ मध्ये लिहिलं की, पेशीत शिरलेला लहान कण आधी फुगतो, मग एकाचे दोन, दोनाचे चार असा दुभंगत जातो आणि शेवटी पुन्हा लहान कण तयार होतात. हे दुभंगणं जिवाणूंचं लक्षण. तरी त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही शब्द ‘व्हायरस’ हाच होता.

विषाणू कसा वाढतो हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ते कळलं जिवाणूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूंवरून. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात एमरी एलिस आणि मॅक्स डेलब्रुक यांनी ई. कोलायवर असे विषाणू सोडले आणि दर काही मिनिटांनी द्रवात किती विषाणू आहेत ते मोजलं. अर्धा तास जवळपास काहीच वाढ नाही. मग एकदम उसळी, कारण पेशी फुटून प्रत्येकीतून डझनावारी विषाणू बाहेर पडले. पुढे ऑगस्ट डोअरमन यांनी पेशी मुद्दाम लवकर फोडून पाहिल्या. पहिली दहा-बारा मिनिटं आत एकही संसर्गक्षम विषाणू सापडेना, जो आत गेला होता तोही नाही.

चांगल्या रश्श्यात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तासाभरात एकाचे आठ. कुठल्याही क्षणी मोजा, अखंड जिवाणू हाती लागतो, कारण आई मधोमध दुभंगून लेकी होतात. विषाणू दुभंगत नाही. तो पेशीत शिरताना सुटा होतो, आत उरतं ते त्याचं डीएनए किंवा आरएनए, म्हणजे निव्वळ हुकूमनामा. त्या हुकमाबरहुकूम पेशीच सुटे भाग घडवते आणि भाग जुळून एकदम शेकडो नवे विषाणू उभे राहतात. भाडेकरू घरात येऊन संसार थाटतो तसं जिवाणूचं. विषाणू म्हणजे कारखान्यात शिरलेला बनावट ऑर्डरचा कागद. यंत्रं, कामगार, वीज सगळं कारखान्याचंच.

खुपऱ्यांच्या जंतूने इथेही चकवलं. त्याचा लहान कण पेशीत शिरून फुगला की संसर्गक्षम राहत नाही, त्यामुळे मधले बरेच तास मोजणीत काहीच येत नाही. कागदावरचा आलेख हुबेहूब विषाणूसारखा दिसतो. फरक एवढाच की सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तो गायब झालेला नसतो, मायक्रॉनभर मोठा होऊन दुभंगत असतो.

दरम्यान औषधं आपला कौल देऊन बसली होती. १९३८ मध्ये अमेरिकेत फ्रेड लो यांनी साऊथ डाकोटातल्या आदिवासी वस्तीवर खुपऱ्यांच्या रोग्यांना सल्फानिलामाइड दिलं आणि डोळे सुधारले. सल्फा औषधं जिवाणूची फोलिक आम्ल बनवण्याची क्रिया अडवतात. ज्याला फोलिक आम्ल बनवताच येत नाही अशा विषाणूचं त्यांनी काय बिघडणार? तरीही निष्कर्ष निघाला तो ‘काही मोठे विषाणू सल्फाला दाद देतात’ असा. मला या इतिहासातला हा सर्वांत बोलका भाग वाटतो: पुरावा समोर असताना नावाने डोळ्यांवर पट्टी बांधली.

त्या पट्टीची किंमत प्रयोगशाळेतही मोजावी लागली. डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात इतर जिवाणू असतातच. ते मारण्यासाठी नमुन्यात पेनिसिलिन घालायचं आणि मग तो फलित अंड्यात टोचायचा, ही विषाणू वाढवण्याची नेहमीची रीत. ती खुपऱ्यांना लावली की अंड्यात काहीच उगवत नसे. ज्याला शोधायचं त्यालाच पेनिसिलिन दाबून टाकत होतं. बीजिंगमध्ये तांग फेइफान यांच्या गटाने पेनिसिलिनवर हात आवरला आणि भर स्ट्रेप्टोमायसिनवर ठेवला, ज्याला हा जंतू फारसा जुमानत नाही. अंड्याच्या बलकाच्या पिशवीत जंतू वाढला. १९५७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि मग तो स्वतःच्या डोळ्यात घालून रोग होतो याची खात्रीही करून घेतली. त्यांच्याही निबंधात तो ‘व्हायरस’च आहे.

त्याच १९५७ साली पॅरिसच्या आंद्रे ल्वोफ यांनी विषाणूची व्याख्या आतून बांधली. विषाणूत डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकच असतं. तो दुभंगत नाही. त्याच्याकडे ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा नसते. प्रथिनं बनवण्यासाठी तो यजमान पेशीचे रायबोसोम वापरतो, हे लक्षण पुढे त्यात जोडलं गेलं. आकार, गाळणी यांचं महत्त्व संपलं. शिकागोच्या जेम्स मोल्डर यांनी १९६० च्या दशकात खुपऱ्या-सिटॅकोसिसच्या जंतूंना या मोजपट्टीवर एकेक करून ताडून पाहिलं. डीएनए आणि आरएनए दोन्ही आहेत, स्वतःचे रायबोसोम आहेत, दुभंगणं आहे. जंतू जिवाणू ठरला.

अँटिबायोटिक विषाणूवर का चालत नाही, याचं उत्तर या व्याख्येतच आहे. टेट्रासायक्लिन घ्या, खुपऱ्यांवरचं जुनं मलम त्याचंच. ते जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटतं आणि प्रथिनांची साखळी थांबवतं. आपल्या पेशींचे रायबोसोम घडणीने वेगळे आणि मोठे, औषधाच्या नेहमीच्या मात्रेने त्यांचं काम अडत नाही, म्हणून तर ते औषध आहे. आता डोळे आलेल्या माणसाच्या पेशीत अडिनोव्हायरस आपली प्रथिनं कुठे बनवतो? आपल्याच रायबोसोमवर. जे औषध आपल्याला इजा करत नाही, ते त्याच कारणाने विषाणूलाही इजा करू शकत नाही. पेनिसिलिनचंही तसंच. ते जिवाणूच्या पेशीभित्तीचे टाके घालणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि विषाणूला पेशीभित्तीच नसते. विषाणूवरच्या औषधाला म्हणूनच दुसरी वाट शोधावी लागते. असायक्लोव्हिर हे नागिणीवरचं औषध त्या विषाणूच्या स्वतःच्या एका एन्झाइमनेच प्रथम कार्यान्वित होतं, त्यामुळे ते निरोगी पेशीत जवळपास निष्क्रिय राहतं. ते दुसऱ्या बहुतेक विषाणूंवर चालत नाही, तेही याच कारणाने.

याचा ताळा अलीकडे नकळत घेतला गेला. खुपऱ्यांच्या मोहिमांत गावच्या गाव अझिथ्रोमायसिनची एक मात्रा घेतं, मोठ्या माणसाला एक ग्रॅम, आणि संसर्ग झपाट्याने उतरतो. २०२० मध्ये तेच अझिथ्रोमायसिन कोविडसाठी सर्रास दिलं गेलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत इस्पितळात दाखल झालेल्या हजारो रोग्यांवर ते तपासलं, आणि २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, इस्पितळातले दिवसही नाहीत. कोविडच्या जोडीला जिवाणूंचा न्यूमोनिया झाला असेल तर अँटिबायोटिकला काम असतं. पण ते काम त्या जिवाणूवर, कोरोनाविषाणूवर नाही.

क्लॅमिडियाचं एक कोडं मात्र मोल्डर यांच्यानंतरही बराच काळ उरलं. पेनिसिलिनने त्याचं दुभंगणं थांबतं आणि तो वेडावाकडा फुगतो, पण पेनिसिलिन ज्याच्यावर घाव घालतं ते पेशीभित्तीचं पेप्टिडोग्लायकन त्याच्यात सापडेच ना. अनेक दशकं शोधूनही नाही. २०१४ मध्ये संशोधकांनी पेप्टिडोग्लायकनच्या विटांसारखे छोटे रेणू चमकतील असे करून त्याला पुरवले. चमक दिसली, जिवाणूच्या सगळ्या अंगाभोवती नाही, तर जिथे तो मधोमध दुभंगत होता तिथेच, एका बारीक कड्यासारखी.