गिअर भुसा पाडतो, अडलेलं असतं नोझल

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद पडला, तर दुपार काढणं कठीण. आमच्या कूलरच्या पंपाची जाळी तुटली. बाजारात तेवढीच मिळेना, म्हणून थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापायला घेतली. पहिला तासभर काम छान चाललं. मग टक्-टक् आवाज सुरू झाला आणि भिंती विरळ होत गेल्या. जिथे जाळी नको होती, तिथेही जाळी झाली. फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिकची तार, ढकलणाऱ्या गिअरखाली पांढरा भुसा साचला होता.

भाचा म्हणाला, “मामा, गिअरच गेला. सीताबर्डीहून नवा आणतो.” आणलाही त्याने. पण भुसा दिसला म्हणून गिअर दोषी, असं लगेच ठरवायचं नसतं.

गिअरचे दाते फिलामेंटमध्ये रुततात आणि त्याला खाली ढकलतात. खालून विरोध वाढला की दोनपैकी एक गोष्ट होते. दात्यांची पकड मोटरच्या जोरापेक्षा घट्ट असेल, तर मोटर हरते, काही पायऱ्या मागे उडी मारते आणि टक् असा आवाज येतो. पकड सैल असेल, तर मोटर फिरत राहते, दाते जागच्या जागी फिलामेंट किसतात आणि भुसा पडतो. म्हणजे फिलामेंट गिअरवर दाबणारी स्प्रिंग आवळली की भुशाच्या जागी टकटक येते. अडथळा तसाच राहतो. फारच आवळली तर 1.75 मिमीचं गोल फिलामेंट चपटं होतं आणि दोन मिमी आतल्या व्यासाच्या नळीत घासू लागतं. मग विरोध आणखी वाढतो. माझ्या फिलामेंटवर दात्यांचे ठसे स्पष्ट होते, पण ते चपटं नव्हतं. स्प्रिंगला मी हात लावला नाही.

एकदा खाच पडली की दात्यांना चावायला काही उरत नाही, वर भुसा दात्यांत भरतो. म्हणून छपाई मध्येच बिघडली की आपोआप सुधारत नाही. आधी ब्रशने दाते साफ केले आणि खाच पडलेला तुकडा कापून टाकला. मगच चाचणी.

गिअर आणि मोटर असलेल्या एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून 120 मिमीवर फिलामेंटला पेनाने खूण केली, वितळलेलं प्लास्टिक बाहेर सोडणारं नोझल 200 अंशांवर आणलं आणि 100 मिमी ढकलायला सांगितलं. एकदा हळू, एकदा वेगाने. दर वेळी खूण नव्याने करायची.

```
M83
G1 E100 F60
```

हळू ढकलल्यावर खूण तोंडापासून 23 मिमीवर थांबली, म्हणजे 97 मिमी आत गेलं. मग वेग पाचपट करायला `F300` दिलं, तेव्हा 39 मिमी उरलं. फक्त 81 मिमी! नोझल काढून तीच चाचणी केली, तर दोन्ही वेगांना पूर्ण 100 गेलं. गिअर झिजलेला असता, तर मोकळ्या वाटेवरही फिलामेंट चिमटीत हलकं धरताच तो घसरला असता. विरोध नोझलमध्ये होता.

नोझल पुन्हा बसवून 200 पर्यंत तापवलं, 90 अंशांपर्यंत निवू दिलं आणि फिलामेंट एका झटक्यात वर ओढलं. टोकाला जळक्या प्लास्टिकचा काळा खडा चिकटून आला. भोक पूर्ण बुजलं नव्हतं, अर्धवटच अडलं होतं. म्हणूनच हळू छपाईत ते जाणवत नव्हतं.

मग सगळं ठीक? नाही. हळू चाचणीत आता 100 आलं, वेगात मात्र 94. उरलेला दोष माझा होता. घाईत मी इन्फिलचा, म्हणजे आतल्या भरावाचा, वेग 90 मिमी प्रति सेकंद केला होता. लेयरची जाडी 0.28 मिमी, रेषेची रुंदी 0.5 मिमी; तिघांचा गुणाकार 12.6, म्हणजे सेकंदाला एवढे घन मिमी प्लास्टिक वितळायला हवं. प्लास्टिक वितळवणाऱ्या साध्या हॉटएंडला 200 अंशांवर एवढं झेपत नाही. पहिला लेयर 20 च्या वेगाने जातो, तिथे हाच आकडा 2.8 असतो. म्हणून सुरुवात नेहमी निर्दोष दिसते आणि आपण फसतो.

त्यात आमचा उन्हाळा. नोझलच्या वरचा भाग थंड ठेवणारा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, आणि ती 42 अंशांची असेल तर पीएलए मऊ पडायला वीसेक अंशांचंच अंतर उरतं. गिअर मोटरच्या दांड्यावरच बसवलेला असेल, तर मोटरची उष्णताही थेट फिलामेंटपर्यंत पोचते. मऊ फिलामेंट लवकर किसलं जातं. तापमान वाढवलं तर प्लास्टिक लवकर वितळतं, पण वरच्या भागाला जास्त ताप लागतो. म्हणून मे महिन्यात मी वेगच कमी करतो.

इन्फिल 60 वर आणलं, गुणाकार 8.4 झाला. जाळी रात्री नऊला लावली, पहाटे काढली, पंपावर नीट बसली. भाच्याने आणलेला गिअर अजून पाकिटातच आहे.