फुटाबा, जेआर आणि जुना सानवा: सर्व्होच्या तीन वायरींचा घोळ

"फुटाबाचा सर्व्हो जेआरवाल्या रिसीव्हरला चालत नाही, त्याच्या वायरी उलट असतात." हे वाक्य डोंगरे मैदानावर गाडी पळवणाऱ्यांकडून ऐकलंय, कॉलेज रोडला रोबोटचा प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांकडून ऐकलंय, आणि एका दुकानदाराने तर याच वाक्यावर मला कन्व्हर्टर केबल विकायचा प्रयत्न केला. साफ चूक आहे. फुटाबा, जेआर, हायटेक, आणि जेआरसारखाच प्लग वापरणारा स्पेक्ट्रम, सगळ्यांचा क्रम एकच: एका कडेला सिग्नल, मधे प्लस, दुसऱ्या कडेला मायनस. पिनांमधलं अंतरही तेच, २.५४ मिमी. सर्व्हो काय करतो, पल्स काय असते हे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडून देतो.

मग फरक कशात? रंगात आणि प्लास्टिकात. फुटाबाची सिग्नल वायर पांढरी, जेआरची नारिंगी, हायटेकची पिवळी. प्लस सगळीकडे लाल. मायनस फुटाबा आणि हायटेकला काळी, जेआरला तपकिरी. तो निळा स्वस्तातला एसजी९० सर्व्हो जो सगळे पहिल्यांदा घेतात, त्याचे रंग जेआरचे, म्हणजे तपकिरी मायनस आणि नारिंगी सिग्नल. लक्षात ठेवायचं सोपं आहे, फिका रंग सिग्नल, गडद रंग मायनस. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

प्लास्टिकाचं असं की फुटाबाच्या प्लगला सिग्नलच्या बाजूला एक बारीक उभी पट्टी असते आणि तिच्यासाठी फुटाबाच्या रिसीव्हरला खाच असते. जेआरला पट्टी नाही, सिग्नलच्या बाजूचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात. म्हणून फुटाबाचा प्लग जेआर टाइपच्या अरुंद खोबणीत जात नाही, पट्टी आडवी येते, आणि लोकांना वाटतं की आत काहीतरी वेगळं आहे. आत काहीच वेगळं नाही. ब्लेडने पट्टी सपाट करा, ते दोन कोपरे जरा तासा, बसतो. नेलकटरने तोडणारे बघितलेत, कृपया नको, प्लग चिरडतो आणि पिन वाकते. आणि पट्टी काढली की सिग्नलची बाजू कुठली ते सांगणारी खूण जाते, म्हणून तिथे व्हाइटनरचा ठिपका द्या. माझं विचाराल तर मला हायटेकचा प्लग आवडतो, दोन्हीकडे जातो, तासातासी नाही.

उघड्या पिनांच्या बोर्डवर कुठलाच प्लग अडत नाही, तो उलटाही बसतो. पण उलटा बसला तरी प्लस मधलाच राहतो, फक्त सिग्नल आणि मायनस यांची अदलाबदल होते. सर्व्होच्या करंटला परत जायला धड रस्ता मिळत नाही, तो मुका बसतो किंवा एखादा झटका देतो आणि गप्प होतो. काढा, फिरवून लावा, बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. प्लस मधे ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

आता खरा घात करणारा फरक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही कारण सगळे फुटाबा-जेआरवर भांडण्यात दंग. जुने सानवा. अमेरिकेत हाच माल एअरट्रॉनिक्स नावाने विकला जायचा, म्हणून तिकडून कोणी नातेवाइकाने आणलेल्या सेटवर ते नाव दिसेल. यांच्या जुन्या सर्व्होत क्रम सिग्नल, मायनस, प्लस असा आहे. म्हणजे मधे मायनस आणि प्लस कडेला! नंतरच्या मालात त्यांनीही बाकीच्यांचा क्रम घेतला, पण जुना माल माळ्यावर पडलेला असतोच. आणि प्लग आजच्या रिसीव्हरमधे आरामात शिरतो, कुठे अडत नाही, म्हणून कोणाला शंकासुद्धा येत नाही.

इंदिरानगरच्या एका काकांनी असाच जुन्या बोटीचा सेट काढला, रेडिओ नवा घेतला आणि म्हणाले सर्व्हो धडधाकट आहेत, तेच लावू. प्लगची सिग्नलची बाजू रिसीव्हरच्या सिग्नलकडे, अगदी बरोबर लावलं त्यांनी. आता एकेक पिन बघा. सिग्नल सिग्नलला, ठीक. मधे रिसीव्हरचा प्लस, त्यावर आला सर्व्होचा मायनस. कडेला रिसीव्हरचा मायनस, त्यावर सर्व्होचा प्लस. म्हणजे बॅटरी सरळसरळ उलटी लागली. आतली चिप आणि मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर उलट्या दिशेने डायोडसारखे वागतात आणि सगळा करंट त्यांच्यातून धावतो. प्लग लावताक्षणी रिसीव्हरचा दिवा विझला, शेजारचा सर्व्हो फडफडला, आणि काकांना वाटलं बॅटरी उतरली, म्हणून त्यांनी चार्ज केलेली बॅटरी लावली! मग वास आला. तो सर्व्हो गेला, दुसरा अजून लावायचा होता म्हणून वाचला.

म्हणजे खूण ही: प्लग लावल्यावर दिवा मंदावला किंवा विझला, सर्व्हो हलला नाही पण गरम लागला, तर लगेच काढा, पुन्हा लावून बघू नका. नुसता मुका आणि थंड असेल तर तो उलटा बसलाय, त्याची काळजी नाही.

दुसऱ्या सर्व्होचं जे केलं ते सांगतो. दोन्ही कडांच्या पिना बदलायच्या नाहीत, ही चूक हमखास होते. सिग्नल जागेवरच राहतो, फक्त लाल आणि काळी यांची अदलाबदल. प्लगच्या सपाट बाजूला प्रत्येक पिनेवर एक बारीक प्लास्टिकची जीभ असते, ती सुईने अलगद उचलायची (जोर लावला तर तुटते, मग तो प्लग टाकूनच द्यायचा), वायर मागून हलकेच ओढायची, पिन बाहेर येते. लाल मधे घाला, काळी कडेला, जीभ कट् असा आवाज करून बसेपर्यंत ढकला, मग वायर जरा ओढून बघा, सुटली तर नीट बसलेली नाही. वायरींवर रंग कळण्यासारखा नसेल तर अंदाज बांधू नका, सर्व्होचं तळाचं झाकण उघडून बोर्डवर कुठली वायर कुठे सोल्डर केलीय ते वाचा.

रिसीव्हरची बाजू मीटरने तपासायची. सर्व्हो न लावता रिसीव्हर चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब मायनसच्या कडेच्या पिनेवर, लाल मधल्या पिनेवर, पाच-सहा व्होल्ट सरळ दिसले पाहिजेत, मायनसचं चिन्ह आलं तर थांबा. जुने सर्व्हो ४.८ व्होल्टच्या जमान्यातले असतात हेही इथेच लक्षात घ्या. दोन सेलच्या लिपोवर थेट चालणाऱ्या रिसीव्हरला त्यांना जोडलं तर क्रम बरोबर असूनही जळतील.

एक्स्टेन्शन केबलही अशीच तपासा, खास करून सुटी विकत घेतलेली. मीटर बीप मोडवर, एका टोकाची मधली पिन दुसऱ्या टोकाच्या मधल्या पिनेशी बीप करते का, आणि कडा कडांना जुळतात का. रंग दोन्ही टोकांना सारखे दिसतात म्हणून सोडून देऊ नका, एका टोकाला क्रिंप करताना पिना इकडच्या तिकडे घातलेल्या केबली हातात आल्यात.